फायबर वाढवलं आणि बद्धकोष्ठताही वाढली. नेमकं काय चुकतंय?

चाफेकळी
वय ३४, बैठं काम. वजन कमी करायचं म्हणून आहार बदलला. आधी शौचाला एक दिवसाआड व्हायचं, थोडं कडक, पण निभत होतं. जिथे बघावं तिथे "फायबर वाढवा" हाच सल्ला, म्हणून वाढवलं. आता तीन-तीन, चार-चार दिवस काही होत नाही. होतं तेव्हा आधी खडे येतात, मग मऊ, आणि तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. संध्याकाळपर्यंत पोट टम्म फुगतं, कमरेला कपडे घट्ट होतात. वजन थोडं उतरलंय, पण पोट बघून ते पटत नाही.

सध्याचं खाणं असं: सकाळी साय काढलेल्या दुधात ओट्स, त्यात तीन मोठे चमचे गव्हाचा कोंडा. दुपारी मोठं वाडगंभर कच्चं सॅलड आणि वाटीभर डाळ. संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे. रात्री भाज्यांचं सूप. दोन फळं. झोपताना अर्धा ग्लास पाण्यात दोन मोठे चमचे इसबगोल. तेल दिवसभरात एक छोटा चमचा, तेही फोडणीत. पाणी कामाच्या नादात लिटरभर होत असेल, शिवाय दोन कप कॉफी.

आता इसबगोल तीन चमचे करू का, की दुसरं काही?

खटपट्या
उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. पाणी! चार लिटर प्या, सगळं सुटेल. पाण्याशिवाय फायबर म्हणजे पोटात सिमेंट. मी सकाळी उठल्या उठल्या लिटरभर पाणी पितो, कधी त्रास नाही.

तेलबिया
पाणी आहेच, पण मला तेल खटकलं. एक चमचा तेलात आतड्याला वंगण कुठून मिळणार? रोज रात्री दोन चमचे तेल नुसतं प्या, सकाळी घसरत बाहेर येईल. आमच्या घरात सगळे हेच करतात.

सावकाश
माझ्या वडिलांनाही हाच त्रास आहे. वय ७६, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय, वेदनेसाठी ट्रामाडॉल चालू आहे. आठवडाभर शौच नव्हती म्हणून इसबगोल दुप्पट केलं. कालपासून उलट पातळ होतंय, दिवसातून कितीदा तरी, थोडं थोडं, कपड्यातही. म्हणजे इसबगोल लागू पडलं असं धरून आता थांबवू का?

निशिगंधा
मी आहारतज्ज्ञ आहे, पोटविकार विभागात काम करते. सगळ्यात आधी सावकाश यांना, कारण ते थांबण्यासारखं नाही. आठवडाभर काही न होता एकदम थोडं थोडं पातळ गळायला लागणं, तेही ट्रामाडॉल चालू असताना, याला जुलाब समजू नका. खाली मलाचा कडक गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ भाग त्याच्या बाजूने झिरपत राहतो. इसबगोल आजच बंद करा आणि जुलाब थांबवायचं औषध अजिबात देऊ नका. आजच डॉक्टरांना दाखवा, बोटाने तपासणी करा असं सांगा. पोट ताठ झालं, उलट्या सुरू झाल्या किंवा वायूही सरेनासा झाला तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

चाफेकळी, तुम्हाला सविस्तर लिहिते, थोड्या वेळाने.

निशिगंधा
आता तुमचा हिशेब. अंदाजाने मांडते. ओट्समधून ६ ग्रॅम, कोंड्यातून ५, इसबगोलातून ८, डाळीतून ८, चण्यातून ६, सॅलड, सूप आणि फळांतून १२ धरू. एकूण ४५ ग्रॅमच्या आसपास. तुम्ही दिलेल्या खाण्याच्या कॅलरी मला १२०० च्या पुढे जाताना दिसत नाहीत. रूढ प्रमाण आहे १००० कॅलरीमागे १४ ग्रॅम फायबर, म्हणजे तुमच्या जेवणाला १७ ग्रॅम पुरतं. तुम्ही त्याच्या अडीच पटीहून जास्त घेताय, आणि ते एका झटक्यात वाढवलंय. त्यामुळे तिसरा चमचा नको. आधी कमी करायचं आहे.

दुसरी गोष्ट अशी की फायबर या एकाच नावाखाली तुम्ही अगदी वेगवेगळं वागणाऱ्या गोष्टी खाताय. मल मऊ राहायचा तर त्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असावं लागतं. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घेण्याचं. रोज लिटर-दीड लिटर द्रव तिथे पोचतो आणि जेमतेम शंभर-दीडशे मिलीलिटर मलातून बाहेर पडतो. त्यामुळे फायबर उपयोगी पडायला त्याने शेवटपर्यंत पाणी धरून ठेवलं पाहिजे, नाहीतर आतड्याच्या अस्तराला टोचून पाणी आणि चिकट स्राव सोडायला लावलं पाहिजे.

इसबगोल पहिलं काम करतं. त्याचं जेल होतं आणि जिवाणूंना ते फारसं पचवता येत नाही, म्हणून शेवटपर्यंत टिकतं. जाड कोंडा दुसरं काम करतो. तोच कोंडा बारीक दळला की टोचणं संपतं, नुसता कोरडा भर उरतो आणि मल उलट घट्ट होऊ शकतो. डाळ-चण्यातलं बरंचसं फायबर यांपैकी काहीच करत नाही. जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू होतो. आंबवलं गेलेलं फायबर पाणी धरायला शिल्लक राहत नाही. मल आधीच रेंगाळत असेल तर आंबायला वेळही जास्त मिळतो. तुमचं संध्याकाळचं टम्म पोट बरंचसं इथून येतंय.

तुमचा कोंडा जाड आहे की पिठासारखा? आणि एक नाजूक प्रश्न: मल मऊ असतानाही जोर करावा लागतो का?

चाफेकळी
कोंडा पिठासारखा, बारीक. ओट्समध्ये मिसळला जावा म्हणून मुद्दाम तसा आणला. जोर तर करावा लागतोच. मऊ असतानाही कधी कधी. आणि पाण्याचं काय? खटपट्या म्हणतात तसं चार लिटर करू?

निशिगंधा
खटपट्या अर्धे बरोबर आहेत. इसबगोल अर्ध्या ग्लासात दोन मोठे चमचे हे नक्कीच कमी पाणी आहे. एका डोसाला, म्हणजे साडेतीन-चार ग्रॅमला, किमान २४० मिलीलिटर लागतं. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकल्याच्या घटना झालेल्या आहेत. गिळायला त्रास होणाऱ्यांनी ते घेऊच नये, आणि घेतल्या घेतल्या आडवं कुणीच होऊ नये. तुम्ही झोपताना घेताय, ते आधी बदला.

पण फायबर वजा करून नुसतं पाणी वाढवलं तर? शरीरात पाणी पुरेसं असेल तर वरचं पाणी लहान आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं, मलापर्यंत पोचत नाही. इटलीतला १९९८ चा एक अभ्यास आहे. सगळ्यांना रोज २५ ग्रॅम फायबर दिलं. एका गटाला पाणी मनाजोगतं पिऊ दिलं, ते सरासरी १.१ लिटर झालं. दुसऱ्याला दोन लिटर प्यायला लावलं. सुधारणा दोन्ही गटांत झाली, दोन लिटरवाल्यांत जास्त. यातून फायबरबरोबर दीड-दोन लिटर द्रव हवा एवढं निघतं, चार लिटर निघत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवायचंच नाही. तुमच्यापुरतं सांगायचं तर लघवी फिकट पिवळी राहील इतकं. कॉफी त्यात धरायला हरकत नाही.

खटपट्या
मला चार लिटरने फरक पडतो हे मी अनुभवाने सांगतोय. लघवीला जातं तर जाऊ दे, सकाळी लिटरभर प्यायलो की दहा मिनिटांत जावं लागतंच.

निशिगंधा
फरक पडत असेल, मी नाकारत नाही. पण दहा मिनिटांत ते पाणी मलापर्यंत पोचू शकत नाही. रिकामं पोट एकदम ताणलं गेलं की मोठं आतडं आकुंचन पावतं, आणि उठल्यानंतरच्या तासाभरात ते तसंही जागं होत असतं. तुम्हाला तो फायदा मिळतोय. तो एका ग्लासानेही मिळेल, नाश्त्याने त्याहून जास्त.

यावरूनच तेलाकडे येते, कारण चाफेकळींच्या आहारात सगळ्यात जास्त कपात तिथेच झालीये आणि ती कुणी मोजत नाही. तेलबिया, खाद्यतेल वंगण म्हणून शौचापर्यंत पोचत नाही. दोन चमचे तेल निरोगी माणसाच्या लहान आतड्यात जवळपास पूर्ण पचतं. स्निग्ध पदार्थाचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो. तो जठरातून पुढे सरकला की लहान आतड्याच्या सुरुवातीला कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. पित्ताशय आकुंचन पावतं आणि मोठ्या आतड्याच्या हालचालीही वाढतात. जेवल्यावर शौचाची भावना होते त्यात जेवणातल्या कॅलरींचा आणि स्निग्धांशाचा मोठा वाटा आहे. पित्तातली आम्लं थोड्या प्रमाणात मोठ्या आतड्यात उतरतात, तीही तिथे पाणी सुटायला आणि हालचालीला मदत करतात.

आता तुमचा सकाळचा नाश्ता बघा. साय काढलेलं दूध, ओट्स, कोंडा. भर भरपूर, पण ढकलायचा इशारा अगदी क्षीण. दिवसभरात स्निग्धांश १५ ग्रॅमच्या आसपास असेल, तोही विखुरलेला. आतड्यात माल भरत राहिला आणि तो पुढे सरकवणारी हालचाल कमी पडली, तर मल रेंगाळतो, रेंगाळला की आणखी सुकतो. खडे आधी आणि मऊ नंतर हे त्याचंच लक्षण. पुढचा भाग खाली पडून सुकलेला असतो.

प्रश्नचिन्ह
म्हणजे वजन कमी करणाऱ्या बाईला तुम्ही तेल-लोणी खायला सांगताय. चरबीयुक्त जेवणाने पोट जड होतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, हेही खरं आहे ना? आणि फायबर कमी केल्याने बद्धकोष्ठता सुटते याला पुरावा काय? उद्या लोक भाज्या सोडतील.

निशिगंधा
जठराचं खरं आहे. तळलेलं भरपूर खाल्लं तर जठर सावकाश रिकामं होईल, आधीच फुगलेलं पोट आणखी फुगेल. म्हणून मी प्रत्येक मुख्य जेवणाला १० ते १५ ग्रॅम एवढंच म्हणतेय. म्हणजे दोन-तीन छोटे चमचे तेल, किंवा अख्खं अंडं आणि एक चमचा तेल, किंवा अक्रोड-बदाम मिळून लहान मुठीएवढे. कॅलरी वाढू नयेत म्हणून तेवढे चणे आणि ओट्स कमी करायचे. शिवाय झपाट्याने वजन उतरत असताना स्निग्धांश फारच कमी असेल तर पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो, तेही लक्षात घ्या.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते. सिंगापूरमधला २०१२ चा एक अभ्यास आहे, ६३ जणांचा. ज्यांनी फायबर पूर्ण थांबवलं त्यांची बद्धकोष्ठता आणि फुगणं दोन्ही सुटलं, ज्यांनी भरपूर चालू ठेवलं त्यांना फरक पडला नाही. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, कोणी काय खायचं ते बरंचसं रुग्णांवर होतं. त्यावर विसंबून सगळ्यांना शून्य फायबर सांगणं मला पटत नाही. त्याहून उपयोगी वाटतो तो जर्मनीतला १९९७ चा अभ्यास, १४९ रुग्णांचा. त्यांना इसबगोल जातीच्या बिया किमान सहा आठवडे दिल्या आणि नंतर आतड्याच्या तपासण्या केल्या. तपासणीत काही दोष न सापडलेल्यांपैकी ८५ टक्के बरे झाले किंवा सुधारले. आतड्याची गतीच मंद असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना काही उपयोग झाला नाही. बाहेर टाकण्याच्या क्रियेतच अडचण असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना नाही. त्यामुळे फायबर चांगलं की वाईट, असा प्रश्न मी विचारणार नाही. अडथळा कुठे आहे ते आधी बघेन.

रेवती_क
हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी वर्षानुवर्षं फायबर वाढवत होते. माझा मल मऊ होता, तरी बाहेर येत नव्हता. कधी बोटाने दाबून काढावं लागायचं, आणि हे कुणाला सांगायची लाज. शेवटी एका डॉक्टरांनी गुदद्वाराच्या दाबाची तपासणी केली. जोर करताना जो स्नायू सैल व्हायला हवा तो मी आवळत होते. प्रत्येक जादा चमचा इसबगोल म्हणजे बंद दारापुढे गर्दी वाढवणं होतं. बायोफीडबॅकने शिकवल्यावर, म्हणजे पडद्यावर स्वतःच्या स्नायूचा दाब बघत सैल करायला शिकल्यावर फरक पडला. चाफेकळी, "मऊ असतानाही जोर" हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतेय. लाजू नका, डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

निशिगंधा
रेवती, हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. मी तो प्रश्न त्यासाठीच विचारला होता.

चाफेकळी, माझ्या मते क्रम असा ठेवा. बारीक कोंडा आजपासून बंद. चणे बंद. कच्चं सॅलड निम्मं, बाकीच्या भाज्या शिजवून आणि त्यात तेल. डाळ राहू दे. इसबगोलही आठवडाभर थांबवा, म्हणजे साचलेलं निघायला वाव मिळेल आणि फुगणं कशाने होतंय ते कळेल. एकूण फायबर २० ते २५ ग्रॅमवर येईल. नाश्ता थोडा मोठा करा, त्यात किमान १० ग्रॅम स्निग्धांश आणि गरम पेय. नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांत संडासला जाऊन बसा, भावना नसली तरी. पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, पाच-दहा मिनिटं, न कुंथता.

तीन-चार दिवसांचं साचलेलं आहारातल्या बदलाने लगेच निघेलच असं नाही. ते सुरुवातीला पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या पाणी धरणाऱ्या औषधाने काढून टाकावं लागू शकतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याच वेळी थायरॉइड एकदा बघून घ्या, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. मलातून रक्त, न ठरवता उतरणारं वजन किंवा रक्तक्षय असेल तर हा सगळा प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी.

चाफेकळी
लोहाची गोळी चालू आहे! हे कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांशी बोलून आज-उद्या सुरू करते, मग लिहिते.

सावकाश
वडिलांना त्याच संध्याकाळी दाखवलं. तुम्ही म्हणालात तेच निघालं, गोळा अडकलेला होता. एनिमा देऊन आणि हाताने काढून मोकळं केलं. मी पातळ थांबवायची गोळी आणून ठेवली होती, ती दिली नाही हे बरं झालं. मनापासून आभार, निशिगंधाताई.

चाफेकळी
काही आठवडे झाले, लिहायचं राहून जात होतं. पहिल्यांदा कमी झालं ते फुगणं, कोंडा आणि चणे सोडल्यावर आठवड्याच्या आतच. औषधाने साचलेलं निघालं, मग ते बंद केलं. नाश्त्याला आता दोन अंडी, एक चमचा तेल, थोडे ओट्स आणि कॉफी. बहुतेक सकाळी नाश्त्यानंतर भावना होते, आधी ती व्हायचीच नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिवसाआड करायला सांगितली. खडे गेले. थायरॉइड व्यवस्थित आहे. पण कधी कधी अजूनही अपुरं वाटतं, मऊ असूनही जोर लागतो.

प्रश्नचिन्ह
चांगलं झालं. पण एकाच वेळी फायबर कमी, तेल जास्त, औषध, लोह निम्मं, नाश्त्यानंतर बसणं. कशाने फरक पडला ते कसं कळणार?

निशिगंधा
नाही कळणार, आणि मी तसा दावाही करत नाही. फुगणं आठवड्यात उतरलं ते कोंडा-चण्यांमुळे असावं असं वेळेवरून वाटतं. सकाळची भावना परत आली त्यात नाश्ता आणि लोह यांचा वाटा किती, हे वेगळं काढता येणार नाही. एक गोष्ट मात्र तपासता येईल. बाकी काहीही न बदलता इसबगोल एक छोटा चमचा, पूर्ण ग्लास पाण्यात, जेवणाआधी सुरू करा. वरून आणखी थोडं पाणी प्या. दुसऱ्या कुठल्याही गोळीपासून दोन तास दूर. आठवड्याने वाढवायचं तर आणखी एकच छोटा चमचा. मल मऊ आणि सलग झाला, फुगलं नाही, तर ते तुम्हाला मानवतं. मऊपणा वाढला आणि जोर तेवढाच राहिला, तर पुढे आहारात शोधू नका. रेवतींनी केली ती तपासणी करून घ्या.

तेलबिया
वंगणाचं मला अजून पूर्ण पटलं नाही, पण नाश्त्यात तेल घेऊन बघायला हरकत नाही. रात्रीचं तेल सकाळच्या खाण्यात हलवते.

सावकाश
एक शेवटचं. वडिलांचं ट्रामाडॉल अजून काही दिवस चालणार आहे. डॉक्टरांनी रोज घ्यायचं औषध दिलंय, शौच ठीक होते. आई म्हणते, नैसर्गिक म्हणून इसबगोल परत सुरू करू. चालेल का?

निशिगंधा
ट्रामाडॉल चालू आहे तोवर नको. त्या औषधाने आतड्याची हालचालच मंदावते, वर भर वाढवला तर पुन्हा तोच गोळा व्हायची भीती. ते पाणीही कमी पीत असतील आणि चालणंही कमी असेल. डॉक्टरांनी दिलेलं रोज द्या, एक दिवस चांगली झाली म्हणून मध्येच सोडू नका. जेवण साधं, मऊ, थोडी शिजवलेली भाजी आणि फळ. शौचाची तारीख आणि मल कसा होता ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं नसेल तर तीन दिवस कोरडे गेले की त्यांना फोन करा. ट्रामाडॉल बंद होऊन ते हिंडते-फिरते झाले की इसबगोलाचं बघू, गिळताना ठसका लागत नसेल तर.